सरळ उडू द्यायचं नाही

विमान खाली येताना पाहिलं की माझा उजवा हात आपोआप वर जातो. पनवेलच्या माझ्या गच्चीवरून आता ती रोज दिसतात. नव्या विमानतळावर उतरणारी, चाकं काढलेली, सुस्त. मी अंगठा ताठ करून एक डोळा मिटतो आणि विमानाच्या नाकापुढे किती जागा सोडायची ते मोजतो. बायको म्हणते, "पुरे झालं, त्यात माणसं बसलीत." मला ते कळतं. पण नौदलात तोफेमागे काढलेली वर्षं हातात राहतात, पेन्शनबरोबर संपत नाहीत. आश्विन लागला, गवताला तुरे आले आणि मुनियांचे थवे तारांवर बसू लागले, की हा हात जास्तच शिवशिवतो. कारण तीन वर्षांपूर्वीचा आश्विन. त्या हंगामात मी आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची विमानविरोधी लढाई लढलो, आणि ती खाडीच्या बांधावर, गोफणीने.

थोरली बहीण हिरा. आम्ही तिला बाय म्हणतो. तिचं शेत आमच्या गावामागे, खारबांधाला लागून. एका अंगाला तिवरांची दाट रांग, दुसऱ्या अंगाला दूरवर खारघरचे मनोरे. पूर्वी त्या बांधाच्या आत सगळ्या गावाची भातं उभी असायची. एकेक करून खाचरं विकली गेली, त्यांत माती पडली, पत्रे उभे राहिले. बायचं तेवढं उरलं. त्यात ती राता लावायची. राता म्हणजे लाल दाण्याचं जुनं भात, खाऱ्या पाण्याला दाद न देणारं. आदल्या वर्षी बांध फुटून खाडी आत आली आणि इतके दिवस राहिली की रातासुद्धा कुजलं. बायकडे बियाण्याची एकच मुडी उरली, पेंढ्यात गुंडाळून सुंभाने बांधलेली. ती सगळी तिने पेरली. आजूबाजूच्या गावांत विचारून पाहिलं होतं, राता कुणाकडेच राहिलं नव्हतं. म्हणजे हे पीक गेलं असतं तर ते भातच गेलं असतं.

तिचा मुलगा नीलेश वाईट नाही. माती-भरावाचं काम करतो, आईला गाडीतून देवदर्शनाला नेतो. त्याने सांगितलं होतं, "मामा, प्रॅक्टिकल व्हा. एवढंसं शेत. पाखरांनाच घालायचंय का? हे वर्ष करू दे तिला. पण भात घरात नाही आलं ना, तर पुढच्या वर्षी मी भराव टाकणार."

पाखरांचं त्याचं म्हणणं खरं होतं. पूर्वी पाखरं गावभर वाटली जायची. चार दाणे याचे, चार त्याचे, कुणाला जाणवायचंही नाही. आता तालुक्यातल्या सगळ्या मुनियांना एकच खाचर ठाऊक. भात निसवलं, दाण्यात दूध भरलं आणि त्या आल्या. सकाळी तिवरांवर इतक्या जमायच्या की फांद्या वाकायच्या. मग एकदम उठून, खालून, सरळ रेषेत शेताकडे. हे दृश्य मी शिकलो होतो. प्रत्यक्षात कधी पाहिलं नव्हतं, पण पाठ होतं.

आम्हाला शिकवणारे चीफसाब दुसऱ्या महायुद्धात तरुण पोर म्हणून काफिल्याच्या जहाजांवर होते. डाव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून सदैव ओरडून बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला तोफ दाखवलीच नाही. फळ्यावर एक विमान काढलं आणि म्हणाले, "पहले इसकी मजबूरी समझो." बाँबफेक्या विमानाची मजबुरी अशी, की सुटलेला बाँब खाली पडता पडता विमानाच्याच वेगाने पुढेही जात राहतो. त्यामुळे तो शहराच्या डोक्यावर आल्यावर सोडून चालत नाही, मैलभर आधी सोडावा लागतो. आणि नेम बसायला त्याआधी काही वेळ विमानाला एकाच उंचीवर, एकाच वेगाने, एकाच दिशेने उडावं लागतं. एरवी वैमानिक हवं तसं वळेल, डुलेल, चढेल. पण त्या थोड्या वेळात त्याला सरळ यावंच लागतं. तोच आपला वेळ.

लोकांना वाटतं तोफवाला विमानावर नेम धरतो. विमानावर धरला तर गोळा विमान गेल्यावर तिथे पोचतो. उंचावरच्या विमानापर्यंत जायला गोळ्याला पंधरा-वीस सेकंद लागतात, तेवढ्यात विमान मैलभर पुढे गेलेलं असतं. म्हणून जिथे ते असेल तिथे, रिकाम्या आकाशात, गोळा पाठवायचा. त्यासाठी जहाजाच्या पोटात दातेरी चाकांनी भरलेलं मोठ्या पेटाऱ्याएवढं गणकयंत्र असे. वर दुर्बिणीतून विमानाचं अंतर, दिशा आणि उंचीचा कोन मोजायचा, खाली तो पेटारा कुरकुरत सांगायचा की तोफ कुठे वळवा आणि फ्यूज किती सेकंदांवर लावा. मोठ्या तोफेचा गोळा विमानाला लागावा अशी अपेक्षाच नसते. त्याच्या नाकावरचा फ्यूज घड्याळासारखा. ठरल्या सेकंदाला गोळा हवेत फुटतो, काळा धूर होतो आणि पोलादाच्या धारदार कपच्या चहूकडे जातात. शहरांभोवती अशा तोफांचे ताफेच्या ताफे बसवलेले असत. त्या फुटणाऱ्या गोळ्यांच्या माऱ्यालाच फ्लॅक म्हणायचे.

पुढे युद्ध संपता संपता गोळ्याच्या नाकात चिमुकला रेडिओच बसवला गेला. तो लहरी सोडायचा, विमानावरून त्या परत आल्या की जवळ आलो हे ओळखून आपणच फुटायचा. पण आमच्या जुन्या जहाजावर घड्याळी फ्यूजच होता, आणि त्याच्यामुळे मी एक गोष्ट शिकलो जी कुठल्याच शाळेत शिकलो नसतो. फ्यूज लावल्यापासून तोफ उडेपर्यंत मधे थोडा वेळ जातो. गोळा उचलायचा, नळीत ढकलायचा, दार बंद, आग. हा मधला वेळ गणकयंत्राने आधीच हिशेबात धरलेला असतो. भरणारा सुस्त असेल तर गोळा चुकीच्या जागी फुटतो हे कुणालाही कळतं. पण भरणारा जास्त चपळ असेल तरीही तो चुकीच्याच जागी फुटतो, हे आम्हा पोरांना पटायचं नाही. छाती फुगवून घाई करणाऱ्यालाच चीफसाब पहिला झोडपायचे. "तेज नहीं चाहिए. एक जैसा चाहिए."

मला हे फार आवडलं होतं. अजून आवडतं.

बायच्या शेतावर पहिल्या दिवशी मात्र मी शिकलेलं सगळं विसरलो. शेताच्या मधोमध जुना माळा होता, चार बांबूंवर बांधलेला. त्यावर चढलो, गोफण घेतली. खाडीकाठच्या खाजणात दगड मिळत नाहीत, म्हणून बायने चिखलाचे गोळे वळून उन्हात घातले होते. थवा भातावर उतरला की मी त्यावर गोळा मारायचो. भुर्रकन उडायचा, पलीकडच्या कोपऱ्यात बसायचा. मी तिकडे मारायचो. माझा नेम अजून बरा होता आणि मी मनातून खूश होतो. ऊन चढल्यावर बाय शेतात फिरून आली. पदरात मोडलेल्या लोंब्या होत्या, त्या तिने माझ्यापुढे ओतल्या.

"पाखरांनी खाल्लं त्याच्यापरी जास्त तू झाडलंस," ती म्हणाली.

मी लाजलो नाही, चिडलो. मग उतरून बांधावर बसलो, आणि माझं मलाच हसू आलं. अरे, महायुद्धात हेच तर झालं होतं शहरांचं. वर गेलेला प्रत्येक गोळा कुठेतरी खाली येतो. आपल्याच तोफांच्या कपच्या आपल्याच कौलांवर पडायच्या, रस्त्यातल्या माणसांना लागायच्या. म्हणून तर पहारेकरी लोखंडी टोपी घालून फिरायचे. आणि म्हणूनच तोफा भर वस्तीत बसवून भागत नसे. त्या बाहेर, विमान ज्या वाटेने येतं त्या वाटेवर हव्यात, बाँब सुटण्याच्या जागेच्याही अलीकडे. शत्रू डोक्यावर आल्यावर केलेला मारा हा निम्मा आपल्यावरच असतो. मी तोफ शहराच्या देवळात बसवली होती.

"माळा हलवू," मी म्हटलं. "तिवरांजवळ, बांधावर."

"तिथं भात कुठं हाय?"

"भात नाही म्हणूनच. ती तिथून उठतात ना? शेतात शिरायच्या आधी गाठायची."

बायने तिवरांकडे पाहिलं. "आई तेच करायची," ती म्हणाली. "तिवरापाशी उभी राह्यची. मना वाटायचं सावलीसाठी."

आम्हाला तिसरा माणूस हवा होता. पनवेलच्या बाजारात इस्माईलभाई आहे, माझा शाळासोबती. कुवेतला उमर काढून आला, आता मुलगा दुकान बघतो आणि हा दुकानाच्या पायरीवर बसून मुलाला सल्ले देतो. त्याला सांगितलं तर लगेच तयार. "रात्याची भाकरी मिळणार असेल तर मी तोफेच्या तोंडीसुद्धा बसतो," म्हणाला. टोपी, पाण्याची बाटली आणि गुडघ्याला पट्टा बांधून दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. तिघांचं वय मिळवलं तर दोनशेच्या पुढे जाईल, पण तोफेवरचा संच असा कधी चालला नसेल.

मी बेत समजावला. कुणी पाखरावर मारायचं नाही. तिवरं आणि भात यांच्यामध्ये मोकळी पट्टी आहे, तिच्यावर, ठरल्या उंचीवर, गोळ्यांची भिंत उभी करायची. नौदलात याला बराज म्हणतात. जहाजावर विमान सूर मारून येतं तेव्हा मोजमापाला सवडच नसते. अशा वेळी सगळे फ्यूज एकाच जवळच्या अंतरावर आधीच लावून ठेवतात, गोळे भरून वाट बघतात आणि विमान त्या अंतरावर आलं की सगळ्या तोफा एकदम. नेम विमानावर नसतो, वाटेवर असतो. वैमानिकाला समोर जळतं आकाश दिसतं आणि त्यातून जायचं की वळायचं हे त्याने ठरवायचं.

इस्माईलभाईचं काय व्हायचं, थवा उठला की त्याचा हात सुटायचा. माझा इशारा होईतो त्याचे दोन गोळे गेलेले. थवा जरा थबकायचा, गोळे खाली पडलेले पाहायचा आणि निवांत पुढे यायचा. मग आमचे गोळे मागून.

"भाई, जरा दम धर," मी म्हणायचो.

"क्या करूँ यार, दिसली की हात चालतो. आधी मारलं तर काय बिघडलं?"

"आधी मारलं म्हणजेच बिघडलं. एकसारखं पाहिजे."

शेवटी बायनेच तोड काढली. लावणीच्या वेळी बायका गातात त्या चालीवर ती हळूच हूं हूं करत राहिली आणि आम्ही गोफणी तिच्या ठेक्यावर फिरवायच्या. ठेका संपला की तिघांनी एकदम सोडायची. माझ्या जहाजावरच्या गणकयंत्राने जे केलं ते माझ्या बहिणीच्या घशाने केलं. पहिला थवा त्या पट्टीवर आला, समोर तीन गोळे एकदम सूं करत गेले, त्यांतला एक अर्धवट वाळलेला होता तो हवेतच फुटून विखुरला, आणि थवा मधोमध फाटला. अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे, पुन्हा तिवरांवर. एकही पाखरू मेलं नव्हतं. भाताचा एक दाणा गेला नव्हता. मी अक्षरशः नाचलो.

त्या पुढचे दिवस मला वासासकट आठवतात. सकाळचा खाजणाचा खारट कुजका वास, त्यावर दुधाळ भाताचा गोडसर वास, घामेजलेल्या सुंभाचा वास. थवा उठायचा, फुटायचा, परत जायचा. पुन्हा जमायचा, पुन्हा यायचा. पाखरं मूर्ख नसतात. त्यांनी उंची बदलून पाहिली, तर आम्हीही गोफण उंच सोडली. पण खायची वेळ सकाळची आणि उतरत्या उन्हाची, तेवढीच. प्रत्येक फसलेल्या फेरीत ती वेळ सरत होती. दहा-बारा फेऱ्या वाया गेल्या की भुकेली टोळी कंटाळून एक्सप्रेसवेच्या कडेच्या गवताकडे वळायची. तिथे गवताचं बी मुबलक होतं. पाडायचं कुणाला होतं? त्यांचं जेवण वेगळ्या ताटात वाढायचं होतं, एवढंच.

पोपटांपुढे मात्र आम्ही हरलो. ते येत एकटे-दुकटे, आवाजाला भीत नाहीत, आख्खी लोंबी कापून नेतात. महायुद्धाच्या शेवटी वैमानिक विमानासकट जहाजावर आदळायला लागले तेव्हाही असंच झालं. ज्याला परतच जायचं नाही त्याला घाबरवून वळवता येत नाही, त्याला मोडावंच लागतं. त्यासाठी जवळच्या पल्ल्याच्या तोफा लागत. आमची चाळीस मिलिमीटरची तोफ तशीच. चार-चार गोळ्यांची क्लिप वरून घालत राहायची, दोघे बसून चाकं फिरवत ती रोखायचे आणि गोळ्यांच्या शेपटीचा उजेड बघून नेम दुरुस्त करायचे. आम्ही काही पोपट मोडणार नव्हतो. रस्त्याकडचा एक कोपरा त्यांना गेला. बायने त्यांना शिव्या घातल्या आणि वर म्हणाली, "खाऊंदे, रांडेचे."

नीलेश एका संध्याकाळी आला. पँट वर करून बांधावर उभा राहिला, आमची कसरत पाहिली. "मामा, इतक्या दिवसांत किती मारली?"

"एक पण नाही."

तो हसला. त्याचं हसणं मला नवीन नव्हतं. निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न मला लग्नात, बारशात, सत्कारात विचारला गेलाय. एकाहत्तरच्या लढाईत जहाजावर होतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, किती विमानं पाडली? एकही नाही. समुद्रावर दुसऱ्या विमानाने दोरीला बांधून ओढलेल्या कापडी नळकांड्यावर मारा केला, तेवढाच. लोकांचा चेहरा पडतो, जणू मी त्यांचा लाडू काढून घेतला. पूर्वी मला वाईट वाटायचं. आता नाही वाटत. चीफसाबांनी सांगितलं होतं की त्यांच्या काळी मोठ्या साहेबांनी हाच हिशेब मांडला होता. व्यापारी जहाजांवरच्या तोफा फारशी विमानं पाडत नाहीत, मग काढून का घेऊ नयेत? नंतर कुणीतरी हिशेब उलटा करून पाहिला. तोफा असलेली जहाजं किती बुडाली आणि नसलेली किती? तोफा राहिल्या. "दुश्मन गिरा कि नहीं, मत देखो," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणायचे, "जहाज तैर रहा है कि नहीं, वो देखो."

बाँब पडतात ते पडतातच. पण घाबरून उंचावरून टाकलेला बाँब शेतात पडतो, नेम धरून टाकलेला गोदीत. या दोन्हींमधलं जे अंतर, ते तोफवाल्याने मिळवलेलं असतं. त्याला पदक नसतं, कारण न पडलेल्या घराचा फोटो कुणी काढत नाही. शहरातल्या तळघरात बसलेल्या लोकांना म्हणे तोफांचा आवाज आला की बरं वाटायचं. लागतंय की नाही ते त्यांना कळत नव्हतं. आपण गप्प बसलेलो नाही, एवढं कळत होतं. मला ही गोष्ट खोट्या धीराची वाटत नाही. आता ड्रोन आले आणि मोडीत काढायच्या जुन्या तोफा पुन्हा पुसून उभ्या केल्या म्हणतात. मी ते वाचून बायकोला वर्तमानपत्र दाखवलं. ती म्हणाली, "तुम्हाला बोलावणार नाहीत."

दिवाळीनंतर कापणी झाली. आम्ही तिघांनी आणि बायच्या दोन जावांनी मिळून. झोडपणी अंगणातच, बाजेवर पेंढी आपटून. लाल दाणा उडून खळ्यात पडायचा आणि बाय खाली वाकून एकेक बाहेर गेलेला दाणा वेचायची. भात आलं. भरपूर नाही, पण आलं. इस्माईलभाईच्या भाकरीपुरतं बाजूला काढलं, बाकी सगळ्याच्या मुड्या बांधायला ती बसली. पेंढा ओला करून, गोल घालून, सुंभ आवळून. तिचे हात पाहत मी मनात पुढच्या वर्षीचा बेत करत होतो. माळा आणखी थोडा पुढे, चिखलात थोडा कोंडा मिसळून गोळे, पोपटांसाठी कोपऱ्यावर जाळी. आम्ही जिंकलो होतो. नीलेशने शब्द दिला होता, भात घरात आलं तर भराव नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अंगणात बाया. उरणकडच्या दोघी, कोन गावची एक, खाडीपलीकडच्या वाडीतली एक, आणखी दोन-तीन ज्यांना मी ओळखत नव्हतो. सगळ्यांकडे खाजणाच्या कडेला कुठेतरी एखादा पडीक तुकडा उरलेला. बाय एकेकीच्या डोक्यावर मुडी ठेवत होती.

"अगं, सगळ्या दिल्यास?" मी विचारलं. "आपल्याला काय ठेवलंस?"

"काय नाय."

मला कळेना. मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, आपण एवढं केलं ते शेत राखायला ना?

"शेत तुना राखायचा होता," ती म्हणाली. "एकाच जागी ठेवला म्हणून सगल्या पाखरांना गावला. दर वरसाला मी न तू गोफण मारीत बसू? आपुन किती दिस हाय?"

काफिल्यातली जहाजं एकमेकांपासून लांब लांब का चालवतात हे चीफसाबांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. एका बाँबने दोन जाऊ नयेत म्हणून. मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण बांधावर उभा राहून मला फक्त तोफ दिसत होती.

नीलेश मोटारसायकल लावून आत आला. डोक्यावर मुड्या घेऊन निघालेल्या बायांना त्याने वाट दिली, रिकाम्या पडवीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. शब्द पाळायला आला होता बिचारा.

बायने हातातला पेंढा झटकला.

"टाक आता तुझी माती," ती म्हणाली. "भात तिथं नाय."